अँडान्टे म्हणजे चालणं, पण किती वेगानं?

कीबोर्डच्या परीक्षेचं पुस्तक हातात पडलं, तोवर माझं सगळं संगीत गावच्या भजनात झालेलं. तिथे बुवा मान हलवायचे, पेटीवाल्याला लय कळायची. पुस्तकातल्या पहिल्याच धड्यावर मात्र 'अँडान्टे' असं लिहिलेलं. शब्दकोशात 'संथ' असा अर्थ मिळाला, म्हणून मी मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगानं टिकटिक ठोके देणारं यंत्र, ५० वर लावून आठवडाभर वाजवत बसलो.

बाईंनी दोन ओळी ऐकल्या आणि थांबवलं. "अरे, हे चालणं आहे की पाय ओढणं?" अँडान्टे हा शब्द इटालियनमधल्या 'चालणे' या क्रियापदापासून आलाय, हे तेव्हा कळलं. मग त्यांनी मला रत्नागिरीच्या भाट्याच्या किनाऱ्यावर पिटाळलं. नेहमीच्या चालीनं चालायचं आणि १५ सेकंदांत किती पावलं पडतात ते मोजायचं. ओल्या, घट्ट वाळूवर २२ पडली. त्याची चौपट ८८, म्हणजे मिनिटाला ८८ ठोके. हाच बीपीएम. कोरड्या भुसभुशीत वाळूत १७ च पडली, म्हणजे ६८. जुन्या मेट्रोनोमच्या पट्टीवर अँडान्टे साधारण ७६ ते १०८ असतं, तेव्हा ओली वाळूच खरी!

असाच वेगाचा दुसरा शब्द अ‍ॅलेग्रो. त्याचा मूळ अर्थ 'आनंदी, खेळकर'. वेग नंतर चिकटला. त्याच पट्टीवर तो १२० ते १६८. शिवाय मेल्झेलनं मेट्रोनोमचं पेटंट घेतलं १८१५ मध्ये आणि मोझार्ट वारला १७९१ मध्ये. म्हणून मोझार्टच्या तुकड्यावर आकडा छापलेला दिसला, तर तो संपादकाचा समजावा.

मी खरा फसलो तो पुढे. एका अ‍ॅलेग्रोवर आकडा होता ७२. अ‍ॅलेग्रो आणि ७२? छपाईची चूक समजून मी क्वार्टर नोटला, म्हणजे बहुधा एका ठोक्याच्या सुराला, ७२ धरून वाजवलं. गाणं एकदम मरगळलं. आकड्याच्या डावीकडचं चित्र मी पाहिलंच नव्हतं. तिथे पोकळ डोक्याची, दांडी असलेली हाफ नोट होती. म्हणजे ठोका हाफ नोटचा. एका हाफ नोटमध्ये दोन क्वार्टर, तेव्हा क्वार्टरच्या हिशेबानं तो वेग होतो १४४. मी बरोब्बर निम्म्या वेगानं वाजवत होतो.

मग थेट १४४ लावलं तर? सूर योग्य वेगानं येतात, पण दर क्वार्टरवर ठोका पडल्यानं हात खडखडतो. ७२ वर ठेवून दोन-दोन सूर एका ठोक्यात बसवले की तोच तुकडा घरंगळत जातो.

आता नुसता शब्द असेल, आकडा नसेल, तर मी आधी सगळ्यांत दाट सुरांचा बार, म्हणजे दोन उभ्या रेघांमधला तुकडा, शोधतो. क्वार्टर १३२ धरली आणि एका ठोक्यात चार सूर असले, तर सेकंदाला जवळजवळ नऊ सूर येतात. माझी बोटं तिथे अडखळतात. म्हणून तो बार स्वच्छ येईल तो आकडा, बहुधा १२० च्या आसपास, पहिल्या ओळीपासूनच धरतो.