वन-ऑन-वनची आढावा बैठक होते तेव्हा: या चुका टाळा

ऐरोलीतील ज्या कार्यालयात मी सात जणांची सॉफ्टवेअर टेस्टिंग टीम सांभाळते, तेथे प्रत्येकाशी आठवड्यातून अर्धा तास स्वतंत्रपणे बोलण्याची, म्हणजे वन-ऑन-वनची, पद्धत आहे. पहिले जवळजवळ वर्षभर मी ही बैठक अगदी नियमितपणे आणि अगदी चुकीच्या रीतीने घेत होते. एके दिवशी वहीतील एका सहकारिणीच्या नावाची आठ आठवड्यांची पाने सलग वाचली, तेव्हा त्यांत टिकेटांचे क्रमांक, रिलीजच्या तारखा आणि ‘बाकी ठीक’ यांखेरीज काहीच सापडले नाही. त्यांतील बहुतेक माहिती मला टीमच्या कामांची नोंद असलेल्या बोर्डावर आधीच दिसत होती.

वन-ऑन-वन बिघडण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे, की तिची नकळत आढावा बैठक होते. सुरुवात बहुधा मॅनेजरच्या पहिल्या प्रश्नापासून होते. ‘कुठवर आलंय काम?’ असे विचारले, की समोरची व्यक्ती त्या क्षणापासून हिशेब देणाऱ्याच्या भूमिकेत जाते आणि उरलेला अर्धा तास त्याच भूमिकेत राहते. बैठक बिघडली आहे का, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. त्या अर्ध्या तासात जे बोलले गेले, ते सगळे संपूर्ण टीमसमोर बोलता आले असते का, असे स्वतःला विचारावे. उत्तर दोन-तीन आठवडे सलग ‘हो’ येत असेल, तर बैठक नावापुरतीच उरली आहे.

यावर उपाय म्हणून स्टेटस बैठकीबाहेर काढावे लागते, आणि त्याला दुसरी जागा दिल्याशिवाय ते निघत नाही. आमच्याकडे आता प्रत्येक जण आदल्या संध्याकाळपर्यंत दोघांपुरत्या शेअर केलेल्या डॉक्युमेंटमध्ये स्टेटसच्या तीन-चार ओळी आणि त्याखाली स्वतःला बोलायचे असलेले विषय लिहितो. बैठकीची पहिली पंधरा मिनिटे त्या विषयांची असतात आणि माझे मुद्दे त्यानंतर येतात. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ मध्येच हे मांडले होते, की ही बैठक हाताखालच्या माणसाची आहे आणि तिची विषयपत्रिकाही त्यानेच ठरवावी. हे वाचायला सोपे वाटते, पण प्रत्यक्षात आपला मुद्दा पंधरा मिनिटे गिळून बसणे मॅनेजरला फार जड जाते.

दुसरी अडचण यानंतर लगेच येते. स्टेटस काढून टाकल्यावर बोलायला काही उरतच नाही आणि समोरून ‘मॅडम, सगळं ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळते. येथे ‘काही अडचण आहे का?’ हा प्रश्न पुन्हा विचारणे ही चूक आहे, कारण अडचण आहे असे म्हणणे म्हणजे स्वतःची कुवत कमी असल्याची कबुली देणे, असे अनेकांना वाटते. त्याऐवजी घडलेल्या आठवड्याबद्दल अरुंद प्रश्न विचारावा, जसे की कोणत्या कामाला वाटले होते त्यापेक्षा जास्त वेळ लागला, किंवा कोणाच्या उत्तरासाठी थांबावे लागले. प्रश्न विचारल्यावर गप्प राहावे. ती शांतता पंधरा-वीस सेकंदांची असली तरी आपल्याला फार लांबलचक वाटते आणि ती आपणच मोडतो.

वर उल्लेखलेल्या सहकारिणीला मी असा प्रश्न विचारला तो चौथा आठवडा होता. ती डोंबिवलीहून येते, म्हणजे परतताना ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरची लोकल धरून ठाण्याला गाडी बदलते. ‘कोणासाठी थांबावं लागलं?’ या प्रश्नावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘थांबले नाही मॅडम, बिल्डच चार वाजता आलं. मागच्या दोन रिलीजलापण तसंच झालं.’ रिलीजच्या आदल्या दिवशी बिल्ड, म्हणजे तपासायची नवी आवृत्ती, दुपारी चारला हाती आल्यावर साधारण १४० टेस्ट केसेसची रिग्रेशन, म्हणजे आधी चालणारे काही बिघडले नाही ना याची तपासणी, त्याच दिवशी संपवायची, म्हणून ती तिन्ही वेळा रात्री नऊनंतर निघाली होती. बोर्डावर तिची सगळी टिकेटे वेळेत बंद झालेली दिसत होती. ती किती वाजता बंद झाली, हे मात्र मी कधीच पाहिले नव्हते.

यानंतर मी तिसरी चूक केली. ‘मी बोलते डेव्हलपमेंटच्या लीडशी’ असे म्हणून मोकळी झाले आणि पुढचे दोन आठवडे बोललेच नाही. दिलेला शब्द असा हवेत विरला, की पुढच्या वेळी माणूस तोंड उघडत नाही, आणि त्याला त्यात आश्चर्यही वाटत नसते. म्हणून आता प्रत्येक बैठकीच्या शेवटी कोणी, काय आणि कोणत्या वारापर्यंत करायचे, हे त्याच डॉक्युमेंटमध्ये दोघांसमोर लिहिले जाते आणि पुढची बैठक माझ्या बाजूच्या उरलेल्या कामांपासून सुरू होते. याशिवाय, उपाय काय हवा हे मी तिला विचारलेच नव्हते. विचारल्यावर तिने स्वतःच सुचवले, की सगळ्या केसेस त्याच दिवशी चालवण्याची गरज नाही. तिने पैसे भरणे आणि लॉगिन यांच्याशी संबंधित ४५ केसेस वेगळ्या काढल्या, आणि बिल्ड दुपारी एकपर्यंत द्यावे असे मी लीडकडून मान्य करून घेतले. पुढच्या रिलीजला बिल्ड एकला नव्हे, अडीचला आले; पण ती सातला निघाली.

वेळेची चूक छोटी दिसते, पण तिचा परिणाम मोठा असतो. शुक्रवारी साडेपाचला वन-ऑन-वन ठेवली, तर समोरच्याचे निम्मे लक्ष घड्याळाकडे आणि लोकलकडे असते, म्हणून मी त्या मंगळवार-बुधवारी सकाळी घेते. बैठक घेणे शक्य नसेल तर ती रद्द न करता त्याच आठवड्यात सरकवावी, आणि तेही जमत नसेल तर पंधरा मिनिटांची घ्यावी. क्लायंटचा कॉल आला की नेहमी आपलीच बैठक उडते, हे माणसे बरोबर टिपतात.

‘हे आपल्यातच राहील’ असे सरसकट आश्वासन देणेही टाळावे. उदाहरणार्थ, लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली, तर ती आपल्याच पातळीवर मिटवण्याचा अधिकार मॅनेजरला नाही. २०१३ च्या कायद्यानुसार अशी लेखी तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे जायला हवी, म्हणून त्या व्यक्तीला हा मार्ग व ही मुदत त्याच बैठकीत सांगावी.

सातही जणांना दर आठवड्याला अर्धा तास द्यायचा, तर साडेतीन तास लागतात आणि टिपणे धरून ते पाचच्या आसपास जातात. दहा-बारा जण झाल्यावर हे निभत नाही. अशा वेळी सर्वांचा वेळ सारखा कापणे ही शेवटची चूक, कारण किती वेळा भेटायचे हे पदावरून किंवा एकूण अनुभवावरून नव्हे, तर हातातल्या कामाची माणसाला किती सवय आहे यावरून ठरवावे, असे ग्रोव्ह यांचेच म्हणणे होते. रिलीजचे गणित बसल्यावर डोंबिवलीच्या त्या सहकारिणीने स्वतःहून पंधरवड्याची बैठक मागितली आणि ती तीन महिने छान चाललीही. त्यानंतर तिने ऑटोमेशनचे काम घेतले, जे तिने कधी केले नव्हते, म्हणून आम्ही पुन्हा दर आठवड्याला, बुधवारी साडेदहाला बसतो.