चहाची फ्रँचायझी की स्वतःचं नाव? या चुका टाळा

सोलापुरात चहाचं दुकान टाकायचं ठरलं की पोरं आधी फ्रँचायझीवाल्याला फोन लावतात, जागा नंतर बघतात. माझा चहापत्तीचा होलसेल धंदा आहे, त्यामुळे कोण उघडलं आणि कोण बसलं, दोन्ही लवकर कळतं.

सगळ्यात महाग चूक म्हणजे 'रॉयल्टी शून्य' वाचून सही ठोकणं. होटगी रोडला ओळखीच्या एका मुलानं 3 लाख फी भरून असंच दुकान घेतलं. फीवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 54,000. चहावर 5 टक्के लावणाऱ्याला ते परत मिळत नाहीत, हे त्याला नंतर कळलं. दिवसाला 400 कप जायचे, 10 रुपयांना एक. गर्दी होती, पण महिनाअखेर गल्ल्यात काही उरेना.

शेवटी आम्ही करार वाचला. पत्ती कंपनीकडूनच घ्यायची, भाव 900 रुपये किलो. तसंच ब्लेंड बाजारात 450 ला मिळत होतं. 400 कपांना त्याला किलोभर लागायची. म्हणजे रोज 450 जादा, महिन्याला 13,500. विक्री 1,20,000. शून्य रॉयल्टी 11 टक्क्यांच्या वर गेली की! मी पत्ती विकतो म्हणून माझ्या पोटात दुखतंय असं वाटत असेल तर वाटू द्या, गुणाकार तुम्हीच करून बघा. बाहेर पडावं तर पुढचं कलम तयार: त्या जागेत 2 वर्षं चहा विकायचा नाही. ते कोर्टात टिकेल का हा वकिलाचा प्रश्न, पण भांडायलाही पैसा लागतो.

म्हणून सक्तीच्या मालाची रेटलिस्ट आधी लेखी मागा आणि प्रत्येक वस्तूपुढे सोलापूरचा भाव लिहा. फरक कपामागे रुपयाच्या वर गेला की मी तरी उठून येतो. 'रेटलिस्ट सहीनंतर देतो' म्हणाले, तर चहासुद्धा न पिता उठा.

स्वतःचं नाव लावणारे चवीत मार खातात. उन्हाळ्यात दूध महागलं की गुपचूप पाणी वाढवतात आणि गिऱ्हाइकाला ते दुसऱ्या घोटाला कळतं. दूध-पाणी मापानं, पत्ती काट्यावर. अंदाजपंचे हात फक्त मालकाचा चालतो, कामाला ठेवलेल्या पोराचा नाही. भाव वाढवायचा तर उघड वाढवा.

गाजलेल्या नावात एक अक्षर बदलून बोर्ड लावू नका, नोटीस येते. स्वतःच्या नावाचा ट्रेडमार्क अर्ज एकट्या माणसाला ऑनलाइन 4,500 रुपयांत होतो. दुकानासाठी वर्ग 43.

कंपनीनं दाखवलेला विक्रीचा तक्ता बहुतेकदा पुण्याचा असतो. मे महिन्यात दुपारी 3 वाजता सात रस्त्याला उभं राहून कप मोजा, मग तो तक्ता पुन्हा वाचा. आणि कंपनीनं दिलेल्या नंबरांवर चौकशी करत बसू नका. ज्यानं तीच फ्रँचायझी बंद केली, तो माणूस शोधा आणि त्याच्या शेवटच्या 3 महिन्यांची मालाची बिलं बघायला मागा.