पन्नास पैशांचा रुपया करताना: राउंडिंगच्या या चुका टाळा

अमळनेर-चोपड्याकडे कापसाची खेडा खरेदी जोरात असली की व्यापाऱ्याकडे दिवसभर खरेदीच्या छोट्या छोट्या पट्ट्या, म्हणजे पावत्या फाटतात. कुणाचा एकतीस किलो, कुणाचा बावीस. वजनाला भावाने गुणायचं आणि सुट्या पैशांची कटकट नको म्हणून रक्कम जवळच्या रुपयात आणायची. महिनाअखेर सगळ्या पट्ट्यांची बेरीज आणि एकूण किलोंवरून काढलेली रक्कम जुळत नाही. मुनीम चुकलेली पट्टी शोधत बसतो. ती मिळत नाही, कारण एकेकटी पाहिली तर प्रत्येक पट्टी बरोबरच असते.

हिशोबासाठी भाव क्विंटलला 7,450 रुपये धरू, म्हणजे किलोला 74.50. वजन पूर्ण किलोत घेतलं, तर सम किलोंची रक्कम पूर्ण रुपयात येते आणि विषम किलोंच्या मागे नेमके पन्नास पैसे लागतात. एका महिन्यात 400 पट्ट्या झाल्या, त्यातल्या 200 विषम किलोंच्या आणि एकूण माल 12,400 किलो असं समजा. खरी रक्कम 9,23,800 रुपये. पण ‘पन्नास पैसे आले की रुपया धरा’ या नियमाने 200 पट्ट्यांवर प्रत्येकी पन्नास पैसे चढले आणि बेरीज 9,23,900 झाली. शंभर रुपये जास्त गेले आणि त्यात कुणाचीही लबाडी नाही.

पहिली चूक इथेच होते: पाचाला नेहमी वर ढकलणं हे निःपक्षपाती आहे असं मानणं. शाळेत सांगितलेलं कारण सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं, की 0 ते 4 हे पाच अंक खाली, 5 ते 9 हे पाच अंक वर, म्हणजे वाटणी समान. पण शून्य खाली जातच नाही, ते जिथल्या तिथे राहतं. 1 ने जेवढं कमी होतं तेवढं 9 ने वाढतं. 2 ची फिट्टंफाट 8 शी, 3 ची 7 शी, 4 ची 6 शी. पाच एकटा उरतो. तो बरोबर मध्यावर आहे, त्याला जवळचा असा कोणताच आकडा नाही. त्याला दर वेळी वरच पाठवलं की प्रत्येक वेळी अर्धा एकक जास्तीचा जमा होतो.

यावरचा उपाय म्हणजे सम अंकाकडे राउंड करणं. नेमका अर्धा उरला तरच हा नियम लावायचा; त्या वेळी शेजारच्या दोन आकड्यांपैकी जो सम असेल तो घ्यायचा. 1 किलोचे 74.50 होतात 74, 3 किलोंचे 223.50 होतात 224, 5 किलोंचे 372.50 होतात 372, 7 किलोंचे 521.50 होतात 522. एकदा खाली, एकदा वर. वजनं सरमिसळ असली की 200 पट्ट्यांतल्या साधारण निम्म्या वर जातात, निम्म्या खाली, आणि उरलेला फरक सहसा दहा-पंधरा रुपयांच्या आत राहतो, तोही कधी या बाजूला, कधी त्या. सम अंकात जादू काही नाही. विषमाकडे वळवलं असतं तरी तोल तसाच राहिला असता. हा नियम परकाही नाही: भारतीय मानक आयएस 2 च्या 1960 च्या आवृत्तीत आकडे राउंड करण्यासाठी हाच दिलेला आहे.

आता एक गोष्ट मात्र सगळे विसरतात. हा पक्षपात किती मोठा, हे नेमका अर्धा किती वेळा येतो यावर ठरतं. पैसे 00 पासून 99 पर्यंत कसेही येत असतील, तर नेमके 50 शंभरातून एकदाच येतील. मग 400 पट्ट्यांवर सरासरी दोन रुपयांचा फरक, त्यासाठी डोकं शिणवू नये. आमच्या उदाहरणात तो शंभर झाला, कारण भावच अर्ध्या रुपयाचा आणि वजन पूर्ण किलोत. म्हणून नियम बदलण्याआधी आठवड्याच्या पट्ट्या घ्या आणि मागे .50 किती ठिकाणी आहे तेवढं मोजा.

सम अंकाचा नियमही आंधळेपणाने लावू नये. एखादा माणूस रोज ठरलेला 5 किलोच माल आणत असेल, तर रोज 372.50 चे 372 च होणार. दर वेळी खाली. पुढचा रुपयांचा आकडा सम-विषम बदलत राहिला तरच तोल साधतो. अशा कायमच्या गिऱ्हाइकाचे पैसे वहीत पैशांसकट लिहावेत आणि चुकते करतानाच एकदा राउंड करावेत. खरं तर जमेल तिथे सगळ्यांसाठीच ही पद्धत बरी.

दुसरी मोठी चूक वजनावर होते, ती म्हणजे दोनदा राउंड करणं. काट्यावर बारदान वजा जाता 34.46 किलो दिसलं. काट्याजवळचा पोरगा चिठ्ठीवर 34.5 लिहितो, आत मुनीम त्याचे 35 करतो. दोघंही नियमाने वागले, पण 34.46 ला जवळचा पूर्ण किलो 34 आहे. .45 पासून .49 पर्यंतची सगळी वजनं अशी एक किलोने फुगतात, म्हणजे शंभरातली पाच. सम अंकाचा नियम इथे वाचवत नाही: 35.46 चे 35.5 आणि पुढे 36 होतातच, शिवाय 34.54 चे 34.5 होऊन 34 होतात, जिथे 35 हवे होते. उपाय एकच: चिठ्ठीवर काट्याचा आकडा जसाच्या तसा लिहायचा.

कॉम्प्युटरवर गोंधळ वाढतो, कारण प्रत्येक प्रोग्रामचा नियम वेगळा. एक्सेलच्या शीटमध्ये `=ROUND(372.5,0)` लिहिलं की 373 येतात, पण त्याच एक्सेलच्या व्हीबीए मॅक्रोमधलं `Round(372.5)` 372 देतं. पायथन 3 सुद्धा सम अंकाकडे जातं:

```
>>> round(74.5), round(223.5), round(372.5)
(74, 224, 372)
>>> round(2.675, 2)
2.67
```

शेवटची ओळ पाहून लोक सम अंकाच्या नियमाला दोष देतात. तो नियम लागला असता तर 8 सम म्हणून 2.68 आले असते. इथे कारण वेगळं: 2.675 बायनरीत नेमका साठवता येत नाही, आत तो किंचित कमी असतो, त्यामुळे ते अर्ध्याचं प्रकरण राहतच नाही. पैशांचा हिशोब म्हणूनच पायथनमध्ये `decimal` ने करावा, किंवा सरळ पैशांच्या पूर्ण संख्येत ठेवावा. शीटवर सम अंकाचा नियम हवा असेल तर हे सूत्र चालतं, मात्र रकमेत नेमका .5 पोहोचला पाहिजे:

```
=IF(MOD(A2,1)=0.5, 2*ROUND(A2/2,0), ROUND(A2,0))
```

आणखी एक सापळा: सेलचं फॉरमॅट बदलून दशांश लपवले की आकडा फक्त दिसायला राउंड होतो, बेरीज आतल्या पैशांचीच होते. कागदावर छापलेल्या रकमा हाताने मिळवल्या की वेगळं उत्तर.

गडबड आहे का, हे ओळखायला हिशोबात ‘राउंड ऑफ’चं खातं वेगळं ठेवा. त्याची शिल्लक शून्याच्या आसपास खालीवर होत असेल तर ठीक. महिनोन्‌महिने एकाच बाजूला वाढत असेल, तर नियम, भाव किंवा दुहेरी राउंडिंग यांपैकी काहीतरी तिला ढकलतंय.

जीएसटीच्या रकमांना मात्र हे काही लावू नका. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 170 नुसार कर, व्याज, दंड वगैरे रकमेत पन्नास किंवा जास्त पैसे असतील तर पूर्ण रुपया धरायचा, त्याहून कमी असतील तर सोडून द्यायचे. तिथे 372.50 चे 373 च.