चेहरा घडवताना गोळे का उठतात? ब्लेंडरमध्ये एका वृद्ध डोक्याचं शिल्प, ठोकळ्यापासून सुरकुतीपर्यंत

डिजिटल शिल्पात चेहरा उंचसखल, गाठीगाठींचा दिसतो तेव्हा बहुतेक जण Smooth ब्रश हातात घेतात. गाठी थोड्या मावळतात, पण त्यांच्याबरोबर गालाचं हाडही मावळतं आणि चेहरा मेणासारखा होतो. खरं कारण पृष्ठभागावर नसतंच. आकार पक्का होण्याआधी मेश, म्हणजे पॉलिगॉन नावाच्या लहान सपाट तुकड्यांची जाळी, बारीक केला जातो, तिथे ही गडबड सुरू होते. दोन लाख पॉलिगॉनच्या डोक्यावर गालाची एक मोठी वळणदार सपाटी करायची तर ब्रशचे शेकडो लहान फटकारे लागतात, आणि प्रत्येक फटकारा आपला उंचवटा मागे ठेवतो. तीच सपाटी पाच हजार पॉलिगॉनवर चार-पाच फटकाऱ्यांत होते. म्हणून या लेखात एकच शिस्त पाळायची आहे: जो आकार कमीत कमी पॉलिगॉनमध्ये मावतो तो तिथेच पूर्ण करायचा, मगच मेश बारीक करायचा.

उदाहरणाला सत्तरी ओलांडलेल्या, हडकुळ्या शेतकरी आजोबांचं डोकं घेऊ. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर मोफत आहे म्हणून तेच वापरू.

मापं आणि लेन्स

मोठ्या माणसाचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण २३ सेंमी असतं. आपण ते दहापट मोठं करू, म्हणजे ब्लेंडरमध्ये उंची २.३ मीटर. असं केलं की हिशेब तोंडी होतो. डोळ्याचं बुबुळासकट गोलक २४ मिमी व्यासाचं असतं, ते इथे ०.२४ मीटर होईल. दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण ६३ मिमी, म्हणजे प्रत्येक डोळ्याचं केंद्र मधल्या रेषेपासून ०.३१५ मीटरवर.

मग N दाबून View पॅनेलमधली Focal Length ५० वरून ८५ च्या आसपास न्या. रुंद लेन्समध्ये नाक पुढे आलेलं आणि कान मागे गेलेले दिसतात. नकळत आपण ती विकृती दुरुस्त करत बसतो आणि मूळ प्रमाण बिघडवतो. संदर्भाच्या फोटोंनाही हेच लागू आहे. मोबाइल चेहऱ्याजवळ धरून काढलेला फोटो प्रमाणासाठी निरुपयोगी असतो. निदान दोन-अडीच मीटर मागे सरकून, झूम करून, समोरून आणि अगदी बाजूने काढलेले फोटो घ्या. कोकणात असाल तर अलिबागजवळ सासवण्याला करमरकर शिल्पालय आहे. तिथल्या शिल्पांभोवती फिरून पाहा: कवटी कुठे वर येते, मांस कुठे लोंबतं आणि पृष्ठभाग कुठे शांत ठेवलाय, हे फोटोपेक्षा कितीतरी स्पष्ट कळतं.

ठोकळा

कवटीसाठी एक गोल घ्या आणि तो दोन्ही बाजूंनी, कानशिलाजवळ, चपटा करा. जबड्यासाठी खाली निमुळता होणारा एक ठोकळा पुढच्या बाजूला जोडा. मान म्हणजे पुढे झुकलेला दंडगोल. ती सरळ उभी केली की डोकं खांबावर ठेवल्यासारखं दिसतं. हे सगळे तुकडे निवडून Ctrl+J ने एकत्र करा, Ctrl+A मधून Scale लागू करा आणि मग स्कल्प्ट मोडमध्ये Voxel Size, म्हणजे जाळीच्या एका घराचं माप, ०.०५ ठेवून Ctrl+R दाबा. याला रीमेश म्हणतात: सगळ्या तुकड्यांवरून एकच नवी जाळी विणली जाते. स्केल लागू केलं नाही तर ०.०५ या आकड्याला अर्थ उरत नाही आणि मेश भलताच जाड किंवा बारीक येतो. आता हातात पाच-सहा हजार पॉलिगॉनचा ओबडधोबड मुंडा आहे. डोळ्यांचे गोलक मात्र स्वतंत्र ऑब्जेक्ट ठेवा. ते शेवटपर्यंत वेगळेच राहतील.

X अक्षाची सिमेट्री चालू करा, म्हणजे एका बाजूला केलेलं दुसऱ्या बाजूलाही होईल. आता फक्त आकार धरून ओढणारा Grab ब्रश वापरा, आणि तोही मोठा, निम्मा चेहरा झाकेल इतका. समोरून पाहताना डोळ्यांची रेषा उंचीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे १.१५ वर हवी. नवशिक्यांच्या डोक्यात डोळे जवळजवळ नेहमी वर चढलेले असतात, कारण कपाळावरचा टाळूचा भाग मनात मोजलाच जात नाही. रुंदी उंचीच्या दोन-तृतीयांश, साधारण १.५५. बाजूने पाहताना खोली १.९५ ते २.० च्या घरात असते, आणि सगळ्यात जास्त चूक इथे होते. डोक्याची मागची बाजू कापल्यासारखी राहते आणि कान पुढे सरकतात. बाजूच्या दृश्यात डोक्याच्या मधोमध एक उभी रेषा कल्पा. कान त्या रेषेच्या मागे, भुवई ते नाकाचं टोक एवढ्या उंचीत बसतो.

भुवई ते नाकाचा तळ आणि नाकाचा तळ ते हनुवटी ही दोन अंतरं साधारण सारखी असतात. आजोबांच्या बाबतीत इथे एक बारकावा आहे. दात पडले की खालचा भाग आखडतो, हनुवटी नाकाकडे येते, ओठ आत वळतात. नाकाचं टोक वयाबरोबर खाली झुकतं, कानाची पाळी लांबते. पण हे बदल आधीच करायचे नाहीत. प्रथम तरुण, दातवालं डोकं बरोबर मापात उभं करा आणि मग त्याला म्हातारं करा. थेट म्हातारा घडवायला गेलं की कुठलं अंतर वयामुळे कमी झालंय आणि कुठलं आपल्या चुकीमुळे, हे ओळखता येत नाही.

पैलू

माप जुळलं की Voxel Size ०.०३ करा. पॉलिगॉन चौदा हजारांच्या आसपास होतील. आता चेहऱ्याचे पैलू पाडायचे. कपाळाची समोरची बाजू कानशिलाकडे कुठे वळते, गालाचं हाड पुढून बाजूला कुठे जातं, नाकाचा माथा आणि त्याच्या दोन बाजू, हनुवटीचा समोरचा आणि खालचा भाग. Clay Strips ने माती चढवा आणि Scrape ने ती सपाट तासा. या टप्प्यावर चेहरा लाकडात कोरल्यासारखा, कडा असलेला दिसला पाहिजे. आजोबा हडकुळे आहेत, त्यामुळे कानशिलं खोलगट, डोळ्यांच्या खोबण्यांची हाडं उघड आणि गालाच्या हाडाखाली स्पष्ट खळगा.

मेहनत खरी इथे करा. हा टप्पा घाईत उरकला की पुढे सुरकुत्या कितीही सुंदर काढल्या तरी डोकं फुगवलेल्या फुग्यावर रेषा ओढल्यासारखं दिसतं.

गाठी कशा ओळखायच्या आणि कशा काढायच्या

नेहमीच्या करड्या प्रकाशात गाठी लपतात. शेडिंगमध्ये MatCap, म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचा तयार नमुना, निवडा आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मॅटकॅप लावून डोकं हळूहळू फिरवा. पृष्ठभाग नितळ असेल तिथे पट्ट्या लांब, अखंड वळणं घेत सरकतात. गाठ असेल तिथे पट्टी लचकते किंवा तुटून बेट तयार होतं. कपाळ आणि गाल हे दोन भाग आधी तपासा, कारण मोठ्या शांत पृष्ठभागावर लहानशी गाठही डोळ्याला टोचते. बाह्यरेषाही पाहा. डोकं तीन-चतुर्थांश कोनात वळवून फक्त कडेकडे बघितलं की भुवई, गालाचं हाड आणि जबडा यांची रेषा कुठे थरथरते ते लगेच कळतं.

गाठ सापडली की आधी ब्रशचा आकार बघा. गाठ ब्रशच्या वर्तुळाएवढीच असेल तर ब्रश लहान होता, एवढंच. F दाबून तो दुप्पट-तिप्पट करा, Shift+F ने ताकद कमी करा आणि आकाराच्या दिशेने लांब फटकारे मारा: गालाच्या हाडावर कानाकडून नाकाकडे, कपाळावर आडवे. उंच भाग Scrape ने तासा, खोलगट भाग Clay Strips ने भरा. Shift दाबून मिळणारा Smooth सगळ्यात शेवटी आणि हलक्या हाताने, कारण तो उंचवटे आणि पैलू यांच्यात फरक करत नाही, दोन्ही झिजवतो.

गाठी सगळीकडे पसरल्या असतील तर हट्ट सोडून मागे जा. Voxel Size ०.०५ करून पुन्हा रीमेश करा. बारीक काम पुसलं जाईल, पण गाठीही त्या जाळीत मावणार नाहीत. सपाट्या पुन्हा नीट करून वर या. हे नुकसान वाटतं तितकं मोठं नसतं. डोळ्याला आकार एकदा कळलेला असतो, दुसऱ्या वेळी हात फार लवकर चालतो.

पापण्या, ओठ, कान

०.०१५ वर पॉलिगॉन पन्नास-साठ हजार होतात आणि पापण्यांना जागा मिळते. पापणी ही गोलकावर ताणलेली जाडीची पट्टी आहे. तिला कड आहे, आणि ती कड न दाखवता नुसती रेष ओढली तर डोळा रंगवल्यासारखा दिसतो. बाहेरच्या कोपऱ्यात वरची पापणी खालचीवर येते. वृद्ध डोळ्यात भुवईखालची सैल कातडी बाहेरच्या बाजूने वरच्या पापणीवर उतरते. रीमेश करताना एक धोका लक्षात ठेवा: व्हॉक्सलपेक्षा पातळ भाग तुटतात आणि एकमेकांना चिकटलेले भाग जुळून जातात. कानाची पाळी जरा जाड ठेवा, ओठांमध्ये फट ठेवा.

सुरकुत्या

आता रीमेशला रजा. Multiresolution मॉडिफायर मेश पातळ्या-पातळ्यांनी बारीक करतो आणि खालच्या पातळ्याही हाताशी ठेवतो, पण तो लावला की Ctrl+R चालत नाही, त्यामुळे हा निर्णय विचारपूर्वक घ्या. सिमेट्री बंद करा आणि सर्वांत खालच्या पातळीवर Grab ने थोडी विषमता आणा. तोंडाचा एक कोपरा किंचित खाली, नाक तसूभर एका बाजूला. मग Subdivide. प्रत्येक वेळी पॉलिगॉन चौपट होतात, म्हणजे तिसऱ्या पातळीला पस्तीस लाखांच्या आसपास. लॅपटॉप अडखळला तर दोन पातळ्यांवर थांबा.

सुरकुती स्नायूच्या धाग्याला काटकोनात पडते. कपाळाचा स्नायू उभा खेचतो म्हणून तिथल्या रेषा आडव्या. डोळ्याभोवतीचा स्नायू गोल आहे म्हणून बाहेरच्या कोपऱ्यातून रेषा किरणांसारख्या फाकतात. नाकापासून तोंडाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी तर रेष नव्हेच. गालाचं मांस सरकून ओठाच्या भागावर लवंडलेलं असतं. म्हणून आधी खालच्या पातळीवर मांसाचा उभार करा, मग वरच्या पातळीवर Draw Sharp ने त्याची खालची कड धारदार करा. वरची बाजू मऊच उतरू द्या. दोन्ही बाजू सारख्या धारदार झाल्या की सुरकुती चाकूने कापल्यासारखी वाटते. पाच-सहा मुख्य घड्या खोल, बाकीच्या उथळ, आणि एकही रेष सबंध लांबीत सारख्या खोलीची नको.

काम करताना मध्येच गालाचा आकार खटकला तर वरच्या पातळीवर दुरुस्ती करू नका. Sculpt पातळी खाली आणा, तिथे Grab किंवा Smooth चालवा, पुन्हा वर जा. सुरकुत्या आकाराबरोबर सरकतात आणि पृष्ठभाग नितळ राहतो.

रंध्रं शेवटच्या पातळीवर, टेक्श्चर लावलेल्या ब्रशने, फार कमी ताकदीत. नाकावर ती गोल आणि ठळक, गालावर लांबट, कपाळावर बारीक, आणि हाडावर ताणलेल्या कातडीवर जवळजवळ नाहीतच.

हे डोकं स्थिर चित्रासाठी किंवा थ्रीडी प्रिंटसाठी असंच वापरता येतं. ते हलवायचं, बोलवायचं असेल तर मात्र व्हॉक्सल रीमेशची जाळी उपयोगाची नाही, कारण तिच्या रेषा डोळ्याभोवती आणि तोंडाभोवती वळत नाहीत. त्यासाठी यावरून नवी जाळी विणावी लागते आणि सुरकुत्या नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उंचसखलपणाचा नुसता भास देणाऱ्या चित्रात, उतरवाव्या लागतात.