‘हाउएव्हर’च्या दोन्ही बाजूंचे स्वल्पविराम

इंदूरमध्ये माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या एका मुलीने सरावातील प्रश्नात पुढील वाक्य बरोबर म्हणून निवडले होते: ‘द ज्वेलरी शॉप्स इन सराफा क्लोज ॲट नाइट, हाउएव्हर, द फूड स्टॉल्स ओपन देन.’ दोन्हीकडे स्वल्पविराम असल्यामुळे तिला ते नीटनेटके वाटले, आणि मराठीत ‘दुकाने बंद होतात, मात्र ठेले सुरू होतात’ असे आपण सर्रास लिहितो, त्यामुळे तिचा गोंधळ मला अगदी स्वाभाविक वाटला.

तथापि ‘हाउएव्हर’ हे ‘बट’सारखे उभयान्वयी अव्यय नसून क्रियाविशेषण आहे, त्यामुळे त्याला दोन वाक्ये जोडता येत नाहीत. तो शब्द उचलून शेवटी ठेवून पाहावा: ‘द फूड स्टॉल्स ओपन देन, हाउएव्हर.’ तो असा सहज हलतो (‘बट’ हलत नाही), आणि मागे स्वतःचा कर्ता व क्रियापद असलेली दोन पूर्ण वाक्ये केवळ एका स्वल्पविरामाने चिकटलेली उरतात. यालाच कॉमा स्प्लाइस म्हणतात. येथे ‘नाइट’नंतर अर्धविराम हवा, किंवा पूर्णविराम देऊन ‘हाउएव्हर’चे पहिले अक्षर मोठे करावे, त्यापुढचा स्वल्पविराम मात्र तसाच राहतो.

‘द फूड स्टॉल्स, हाउएव्हर, ओपन देन’ या वाक्यात दोन्ही स्वल्पविराम योग्य आहेत, कारण तेथे ‘हाउएव्हर’ एकाच वाक्याच्या पोटात आले आहे.