ऑपरेशननंतर ‘वारा सरला का?’ हे उगाच विचारत नाही: या चुका टाळा

मुंबईतल्या सर्जिकल वॉर्डात मी नोकरी केली. पोटाच्या ऑपरेशननंतर नातेवाईक तीच चूक करतात: भेटीच्या वेळेत गुपचूप डबा उघडतात.

एका काकांच्या मोठ्या आतड्याचा तुकडा काढून टोकं जोडली होती. तिसऱ्या दिवशीही वारा सरला नव्हता. डॉक्टरांनी तासाला दोन-तीन चमचे पाणी सांगितलं होतं. मुलाला बघवेना. त्याने वाटीभर मऊ खिचडी आणि अख्खं शहाळं दिलं. संध्याकाळी उचक्या सुरू झाल्या, पोट ढोलासारखं ताणलं आणि रात्री हिरवी उलटी झाली. नाकातून जठरापर्यंत राइल्स ट्यूब ही नळी घातली तेव्हा लिटरभर पाणी निघालं.

आतडं आधीच सुस्त होतं, रक्तात पोटॅशियमही कमी निघालं. खिचडीने भर पडली. ऑपरेशनमध्ये हात लागल्यावर आतड्याची हालचाल थांबते. लहान आतडं साधारण दिवसभरात जागं होतं, जठर एक-दोन दिवसांत, मोठं आतडं मात्र दोन-तीन दिवस घेतं; ते जागं झाल्याची खूण म्हणजे वारा सरणं. जठर आणि आतड्यांतले रस तर उपाशीपोटीही पाझरत राहतात. पुढे वाट नाही, म्हणून सगळं मागे येतं, आणि ते फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. सलाइनमधून पोटॅशियम दिलं, काकांना वॉर्डात चालवलं. पाचव्या दिवशी वारा सरला, सहाव्या दिवशी पेज मिळाली.

दुसरी चूक: ‘गॅस पास होत नाही’ म्हणून जिरा सोडा पाजणं. ढेकर म्हणजे वारा सरणं नव्हे. सोड्याने फुगलेल्या पोटात आणखी हवा जाते. एरंडेल, एनिमाही स्वतःच्या मनाने नको.

उलट, साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर डॉक्टर काही तासांतच पाणी देतात. तिथे वारा सरण्याची वाट पाहत उपाशी ठेवू नका.

पायऱ्यांचा क्रम साधारण असा: पाण्याचे घोट, मग वरणाचं पाणी किंवा थोडं शहाळं, मग पेज आणि पातळ ताक, मग मऊ वरणभात, पोळी-भाजी शेवटी. किती दिवसांनी, ते ऑपरेशनवर ठरतं. पुढची पायरी चढण्याआधी मी तीनच गोष्टी विचारायचे: मळमळतंय का, पोट ताणलंय का, भूक लागलीय का? ‘भूक नाही’ म्हटलं की जबरदस्ती नाही. वाटी नव्हे, चहाचा छोटा कप. खाट वर करून बसवायचं. कधी, किती दिलं आणि वारा कधी सरला, हे उशाच्या कागदावर लिहायचं.

वारा सरला म्हणून लगेच वडापाव नको. शौचाला आणखी एक-दोन दिवस लागू शकतात. दुखण्यावरची काही औषधंही आतडं मंद करतात, पण ती परस्पर बंद करू नका. घरी गेल्यावर पोट फुगलं, उलट्या होऊ लागल्या आणि वाराही थांबला, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री रुग्णालयात या.