शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल बर्थडेला येणार असेल तर

सोलापुरात शेंगा नाहीत असं घर दाखवा, चटणीत शेंगा, भाजीत कूट, सणाला शेंगाची पोळी, आणि लोक सल्ला काय देतात तर "त्याच्या ताटात दाणे घालू नका", एवढ्याने काही होत नाही.

आधी त्या मुलाच्या आईला फोन करा. नेमकं काय चालत नाही, शिजवलेलं चालतं का, काजूबदामाचं काय, हे तिच्या तोंडून ऐकून लिहून घ्या.

मेनू सगळ्यांना एकच ठेवा. मी पावभाजी, घरी फोडलेले पॉपकॉर्न, कलिंगड आणि घरी केलेला केक ठेवते. पोहे, भेळ, चिवडा, खिचडी नकोच. तेलाची पिशवी नवीन सूर्यफुलाची, शेंगतेल त्या दिवशी नको, घाण्याचं तर नकोच नको. पाव, बटर, मसाला, सगळ्याची पाकिटं वाचायची, "मे कन्टेन पीनट" दिसलं की परत ठेवायचं. लेबलच नसेल तर घ्यायचं नाही.

आता खरी अडचण, मिक्सर. दोन वर्षांपूर्वी मी इडलीबरोबर नुसत्या खोबऱ्याची चटणी केली, दाणा एक नाही, भांडंही घासलेलं, तरी लेकीच्या वर्गातल्या त्या मुलाच्या ओठांभोवती दहा मिनिटांत गांधी उठल्या. नंतर पात्याखालची रबरी रिंग काढून बघितली तर कूट चिकटलेलं, आदल्या दिवशी त्याच भांड्यात शेंगा चटणी वाटली होती. भाजल्याने, शिजवल्यानेही यातलं प्रोटीन जात नाही, म्हणून "उकळलंय ना" म्हणू नका. आता त्या दिवशी मिक्सर वापरतच नाही, टोमॅटो किसते, भाजी मॅशरने घोटते. लाकडी पोळपाट, उलथनं, जुना तवा बाजूला, आणि आदल्या दिवसापासून घरात कूट करायचं नाही.

बाकीची पोरं घरून चटणीभाकरी खाऊन येतात, म्हणून दारातच सगळ्यांचे हात साबणाने धुवायचे. सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश जात नाही.

रिटर्न गिफ्टमध्ये खाऊ नको, कुणालाच नको, कारण पोरं पाकीट तिथंच फोडून एकमेकांना वाटतात. त्या एकट्याला वेगळी पिशवी देऊन त्याला कोपऱ्यात बसवल्यासारखं करू नका, सगळ्यांना सारखंच. मी सोलापुरी नॅपकिन, पेन्सिल आणि स्टिकर देते.

आई थांबणार नसेल तर औषधं आणि ती कधी द्यायची याचा कागद हातात घ्या. नुसत्या गांधी असतील तर कागदावर लिहिलंय तसं करा आणि नजर हलवू नका. पण श्वास घरघरला, आवाज बसला, एकदम मलूल पडला किंवा सारखा ओकायला लागला तर अ‍ॅलर्जीच्या गोळीवर वाट बघू नका, आईने अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन तुमच्याकडे देऊन ठेवलं असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच टोचा, आडवं झोपवा, श्वास लागत असेल तर बसू द्या पण चालवू नका, आणि १०८ ला फोन. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, त्रास परत उलटू शकतो.